मदत हवी आहे: पांढरा शर्ट गडद करताना चुण्या गायब होतात

सावली२३
सकाळपासून एका फोटोवर अडकले आहे. पांढरा शर्ट गडद नेव्ही ब्लू करायचाय. सिलेक्शन चांगलं झालंय, मल्टिप्लायही लावून पाहिलं, पण शर्ट रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चुण्या नाहीत, चमक नाही. कुठला मोड लावू? रात्री फाइल द्यायची आहे, लवकर सांगा.

कुंचला
मल्टिप्लाय काढ, कलर मोड लाव. मी लाल कुर्ता हिरवा केला होता, एक चुणी हलली नाही. दोन मिनिटांचं काम.

सावली२३
लावला. शर्ट फिकट निळसर झाला, गडद नाही.

जुना_लेन्सवाला
होणारच. कलर मोड रंग बदलतो, उजेड मूळचाच ठेवतो. लाल कुर्ता मुळातच गडद, म्हणून तिथे जमलं. इथे उजेडच उतरवायचा आहे. सावली, सॉफ्टवेअर कुठलं? रॉ की जेपेग? इन्फो पॅनेल उघडा आणि शर्टाचा सपाट भाग, चुणीची खोलगट जागा आणि सगळ्यात उजळ कड, तिन्हींवर कर्सर नेऊन आकडे लिहा.

सावली२३
फोटोशॉप, जेपेग. सपाट २३५, चुणीत १९०, कड २५०. खांद्यावर एक पट्टा थेट २५५. पण आकड्यांनी काय होणार?

बकुळफूल
माझाही पांढऱ्या शर्टाचाच त्रास आहे. घरातल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तो पिवळा दिसतो. पांढरा कसा करायचा?

जुना_लेन्सवाला
बकुळफूल, तो व्हाइट बॅलन्सचा प्रश्न, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

सावली, तुमचं दुखणं आकड्यांतच आहे. मल्टिप्लाय दोन आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतो. गडद रंग ३५ धरला तर १९० चे २६ होतात, २३५ चे ३२ आणि २५० चे ३४. आधी चुणी आणि कड यांच्यात ६० चं अंतर होतं, आता ८ उरलं. डोळ्याला ते सपाटच दिसणार.

म्हणून रंगाच्या लेयरखाली, शर्टाच्याच मास्कमध्ये, लेव्हल्स लावा. काळा स्लायडर १५० वर, पांढरा २५२ वर. १९० चे १०० होतील, सपाट भाग २१२ च्या आसपास जाईल. त्यावर तोच मल्टिप्लाय लावला की चुणी १४ आणि सपाट भाग २९. सावली परत आली.

चमक मात्र अजून नाही, कारण मल्टिप्लाय कुठलीच जागा ३५ च्या वर जाऊ देत नाही. मूळ शर्टाची कॉपी सगळ्यात वर ठेवा, तिचा रंग काढून टाका आणि तिच्यावर लेव्हल्समध्ये काळा स्लायडर २३८ पर्यंत आणि पांढरा २५२ पर्यंत न्या. शर्ट जवळजवळ काळा होऊन फक्त उजळ कडा उरतील. तिचा मोड स्क्रीन, ओपॅसिटी २५ टक्के. कडा ८० च्या आसपास येतील. गडद कापड असंच दिसतं: बरंचसं काळोखात आणि घडीच्या माथ्यावर बारीक उजेड.

कुंचला
इतका द्राविडी प्राणायाम? ह्यू सॅच्युरेशनमध्ये कलराइजवर टिक, लाइटनेस उणे ७०. झालं.

जुना_लेन्सवाला
करून बघा. काळ्याकडे सगळेच टोन सरकतात आणि सरकताना एकमेकांना चिकटतात. गत तीच. मध्यम निळा हवा असता तर तुमची रीत चालली असती, हे मान्य.

तिसरा_डोळा
मी म्हणतो, गडद शर्ट घालून पुन्हाच फोटो काढा.

सावली२३
पुन्हा काढता येत नाही.
लेन्सवाला, बाहीच्या चुण्या आल्या!! बटणपट्टीची शिवणसुद्धा दिसतेय. पण वरच्या लेयरमुळे खांद्यावर पायऱ्यापायऱ्या दिसतात, आणि कॉलरभोवती पांढरी रेघ आहे.

जुना_लेन्सवाला
२३८ ते २५२ म्हणजे जेमतेम १४ पायऱ्या, त्या पूर्ण पट्टीवर ताणल्या. जेपेगचे चौकोनही त्यातच उघडे पडतात. स्क्रीनच्या लेयरला २ पिक्सेल गॉशियन ब्लर द्या. चमक तशीही मऊच असते. रेघ म्हणजे मास्क एक पिक्सेल आत राहिलाय. तो एक पिक्सेल बाहेर पसरवा, पण केस कॉलरवर आलेत तिथे हाताने ब्रश फिरवा. २५५ च्या पट्ट्यात मात्र माहितीच नाही. तिथे कुठलाच मोड चुणी आणणार नाही, शेजारचं कापड क्लोन करावं लागेल.

सावली२३
ब्लरने पायऱ्या गेल्या. पट्टा क्लोन करतेय. हनुवटीखाली मात्र अजून काहीतरी खटकतंय.

तिसरा_डोळा
पांढऱ्या शर्टाचा उजेड हनुवटीवर पडलेला असतो. गडद शर्टाचा पडणार नाही. तेवढी त्वचा थोडी उतरवा.

कुंचला
त्वचेला हात लावू नये, चेहरा मळकट दिसतो.

सावली२३
दोन्ही करून बघते आणि टाकते इथे.