मदत हवी आहे: गृहभेटीच्या कथेत आजींची लपलेली अडचण परिचारिकेला कशी कळावी?

नमस्कार. मी साताऱ्यात परिचर्या शिकवते. गृहभेटीच्या पाठाआधी विद्यार्थिनींना वाचून दाखवण्यासाठी मी एक लहान कथा लिहीत आहे, पण तिच्या मधल्या प्रसंगापाशी मी अडले आहे.

कथा पाटण तालुक्यातल्या एका वाडीत, श्रावणातल्या पावसात घडते. बहात्तर वर्षांच्या आजी एकट्या राहतात आणि मुलगा मुंबईत माथाडी कामगार आहे. उपकेंद्रात गेले दोन महिने आजींचा रक्तदाब १७० च्या आसपास येत असल्यामुळे डॉक्टर गोळ्यांची मात्रा वाढवण्याच्या विचारात आहेत, मात्र त्याआधी घरी एकदा पाहून या, असे ते परिचारिकेला सांगतात. आजी तिला ठामपणे सांगतात, "घेतीया की रोज, एक बी चुकवत न्हाई."

खरी गोष्ट अशी की, आजींना वाचता येत नसल्याने शेजारची शाळकरी मुलगी संध्याकाळी येऊन दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकदम हातावर ठेवते. त्यात क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळीही असते. संडास घरामागे वीस पावलांवर असून वाटेत शेवाळलेल्या तीन दगडी पायऱ्या आहेत आणि तिथे दिवा नाही. रात्री दोनदा कपडे ओले झाल्यानंतर आजींनी ती गोळी गुपचूप बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि दुपारनंतर पाणी पिणेही सोडले.

सध्याच्या खर्ड्यात परिचारिका बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून पाकिटे मोजते. औषध देऊन अठरा दिवस झालेले असतात. प्रत्येकी तीस गोळ्यांपैकी रक्तदाबाची दुसरी गोळी असलेल्या अ‍ॅम्लोडिपिनच्या बरोबर बारा उरलेल्या असतात, तर क्लोरथॅलिडोनच्या सव्वीस. हिशेब चोख आहे, पण वाचताना परिचारिका चोरी पकडायला आल्यासारखी वाटते, आणि तिने विचारल्याबरोबर आजी सगळे सांगून टाकतात, हेही मला खोटे वाटते. हा प्रसंग कसा फिरवावा, आणि औषधांच्या बाबतीत माझी काही चूक होते आहे का, हे कृपया सांगावे.

कऱ्हाडकर_वाचक
औषधांतले मला कळत नाही, पण कथेपुरते सांगतो. डबा शेवटी उघडू द्या आणि तोही आजींच्याच हातून. त्याआधी चहा येऊ द्या, कारण आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला चहाशिवाय कुणी सोडत नाही. साडेचार वाजले आहेत, आजी एकच कप घेऊन येतात, परिचारिका विचारते, "तुमचा कुठाय आजी?" आणि आजी पदराशी चाळा करत म्हणतात, "चार वाजल्यावर म्या काय बी पीत न्हाई." एवढ्याने वाचणाऱ्या मुलीचे कान टवकारतील.

मिरजेचा_मुलगा
माझ्या वडिलांसाठी घरी येणारी परिचारिका हवी आहे. मिरज परिसरात कुणी खात्रीचे असल्यास कळवावे. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, पण तो आम्हाला फार उशिरा कळला. लग्नकार्यात ते नेहमी दाराजवळची खुर्ची धरत आणि एसटीने कुठेही जायचे टाळू लागले होते. त्यांना गर्दी सोसत नसावी, असेच आम्ही धरून चाललो होतो.

औषधवाला
यात एवढे अवघड काही नाही. लघवीची गोळी रात्री घेण्याची नसतेच. ती सकाळी नाश्त्यानंतर द्यायला सांगा, म्हणजे रात्रीचा प्रश्न मिटेल आणि रक्तदाबही उतरेल. परिचारिकेने त्याच दिवशी सकाळची सवय लावून दिली, असा शेवट करावा.

उपकेंद्र_जावळी
मी बावीस वर्षे गृहभेटी करत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोळी सकाळी द्यावी, हे औषधवाला यांचे म्हणणे बरोबर आहे, पण तेवढ्याने रात्र कोरडी जाईल असे धरू नका. क्लोरथॅलिडोनचा परिणाम एका दिवसापेक्षा जास्त टिकतो. शिवाय आजी अ‍ॅम्लोडिपिन नियमित घेत आहेत आणि त्या गोळीने पुष्कळांच्या पायांवर सूज येते. दिवसभर पायांत उतरलेले हे पाणी आडवे झाल्यावर पुन्हा रक्तात येते आणि रात्री लघवी वाढते. म्हणून तुमच्या परिचारिकेला नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते पाहू द्या. मी हे पाहायला लागल्यापासून अर्ध्या गोष्टी न विचारताच कळतात.

"गोळी आजपासून सुरू करा" असे तिने त्याच दिवशी सांगू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आजी दुपारनंतर पाणी पीत नाहीत, त्यामुळे शरीर सुकलेले असू शकते. त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घ्यावा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. समजा, आडवे असताना १६८/९२ आणि उभे राहिल्यावर १४४/८४ आला आणि आजींनी खांब धरला, तर वरचा आकडा वीसपेक्षा जास्त घसरला आहे. अशा माणसाला दोन्ही गोळ्या पुरत्या चालू करून वर मात्रा वाढवली, तर त्याच शेवाळलेल्या पायऱ्यांवर आजी पडतील. उपकेंद्रात आपण बसवून एकदाच रक्तदाब घेतो, म्हणून ही घसरण तिथे दिसत नाही. परिचारिकेने हे आकडे आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांना कळवावा आणि गोळीबाबतचा निर्णय त्यांनी घ्यावा. लघवीतला जंतुसंसर्ग, साखर आणि बद्धकोष्ठ यांचीही विचारपूस व्हायला हवी, नाहीतर सगळा दोष गोळीवर जातो.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल सांगायचे तर, "कपडे ओले होतात का?" असे मी कधीच विचारत नाही. मी म्हणते, "आजी, या पावसात रात्री उठायचं म्हणजे लई जिवावर येत असंल. तुम्ही काय करता?" त्यावर बाई गप्प राहिली, तर मी थांबते आणि भांडी उचलू लागते. उत्तर बहुधा मी पायात चप्पल घालत असताना येते.

औषधवाला
क्लोरथॅलिडोन इतका वेळ टिकते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. उभे करून रक्तदाब घेण्याचा मुद्दा मान्य. मात्र एकट्या राहणाऱ्या आजींचे हे पुढे कोण पाहणार, हेही कथेत यायला हवे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना साधनांसाठी ३००० रुपये मिळतात आणि त्यात कमोड खुर्ची बसते. सध्या अर्ज घेत आहेत का, ते आशाताईंना विचारून घ्यावे लागेल.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या दादांनी वेगळेच विचारले होते, पण दाराजवळची खुर्ची मी त्यांच्या परवानगीने कथेत घेणार आहे. माझ्या आजीही वाडीतल्या भजनाला जाणे सोडतील. एका कपाच्या चहापासून आता प्रसंग सुरू होतो. परिचारिका अंगठा दाबून खळगा पाहते, आडवे आणि उभे असे दोन्ही आकडे वहीत लिहिते, आणि ती चप्पल घालत असताना आजी स्वतःहून पत्र्याचा डबा पुढे करून म्हणतात, "ह्या बारक्या गोळीनं माझी लाज काढली, पोरी."

कमोड खुर्ची मिळेपर्यंत खाटेजवळ झाकणाचे भांडे आणि मागच्या दाराशी दिवा, एवढेच मी त्या दिवशी ठेवले आहे. एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. आजी म्हणतात, "माझ्या पोराला सांगू नगंस." दिवा आणि पायऱ्यांचा कठडा मुलाच्या पैशांशिवाय होणार नाही आणि परिचारिकेकडे मुलाचा फोन नंबर आहे.

उपकेंद्र_जावळी
पायऱ्या निसरड्या आहेत, एवढे मुलाला सांगता येते, आणि तेही आजींना विचारून. मी तरी तेवढेच सांगितले असते.

कऱ्हाडकर_वाचक
माझी आई असती, तर मला सगळे कळायला हवे होते.