मदत हवी आहे: बोलीचा छोटा ध्वनिसंग्रह, सहा महिन्यांचा वर्कप्लॅन (अर्जंट)

पांझरा_काठ
सोमवारी सकाळी प्लॅन द्यायचाय आणि माझ्याकडे कोरं पान आहे. आपल्या बोलीत लोकांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, ऐकून लिहून काढायचं. चाळीस तास. सॅम्पलिंग, ट्रान्सक्रिप्शन, संमती असे तीन मथळे मागितलेत. कोणाकडे तयार एक्सेल असेल तर टाका ना. तत्त्वज्ञान नको, फॉरमॅट हवाय.

गिरणाकाठची
चाळीस तास रेकॉर्ड करायचे की चाळीस तास लिहून काढायचे? लिहिणारे किती जण? सुरुवात कोणत्या महिन्यात? आणि "आपली बोली" म्हणजे कोणती ते तर सांगा, खान्देशात पाच-सहा "आपल्या बोली" आहेत.

वरणबट्टी
एवढा खटाटोप कशाला, बहिणाबाईंच्या कविता घ्या, सगळी अहिराणी त्यात आहे. दोन दिवसांत टाइप होईल.

केळीचा_घड
बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली. अहिराणी नाही हो. आमच्या यावल-रावेरकडे येऊन असं बोलू नका, चहा मिळणार नाही. आणि प्रश्न बोलण्याच्या रेकॉर्डिंगचा आहे, कवितेचा नाही.

पांझरा_काठ
धुळे म्हटल्यावर अहिराणीच ना. विद्यार्थी दोन, कॉलेज सांभाळून रोज दोन-दोन तास, महिन्याला वीस दिवस धरा. मार्च ते ऑगस्ट. चाळीस तास लिहूनच काढायचेत, तसं मी आधीच सांगून बसलोय.

खोडरबर
"मराठीची बोली" असं प्लॅनमध्ये लिहिलंत तर मी तरी सही करणार नाही. अहिराणी भाषा आहे. जनगणनेतसुद्धा खान्देशी मराठीखाली मोजत नाहीत. ग्रिअर्सननेही आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिला भिल्ली भाषांच्या जोडीला बसवलंय.

केळीचा_घड
सही तुमची मागितलीय कोणी?

गिरणाकाठची
तो वाद वेगळ्या धाग्यावर न्या. पांझरा, आधी हिशोब बघा. एक तास गप्पा ऐकून नीट लिहायला नवख्या माणसाला आठ ते दहा तास लागतात, दोघं-तिघं एकदम बोलत असतील तर जास्त. वर दुसऱ्याने ऐकून तपासायला तीन तास धरा. तुमच्या दोघांचे मिळून महिन्याला ऐंशी तास होतात. चाळीस तास लिहायला चारशे, तपासायला एकशे वीस, म्हणजे साडेसहा महिने नुसतं लिखाण, रेकॉर्डिंग धरलंच नाही. बारा तास घ्या. लिहायला एकशे वीस, तपासायला छत्तीस, दोन महिन्यांत बसतं, परीक्षा आणि आजारपणाला जागा राहते. बाकीचं रेकॉर्डिंग नुसतं नोंद करून ठेवा, पुढे कोणी लिहील.

आता महिने. मार्चमध्ये पायलट म्हणून फक्त दोन माणसं रेकॉर्ड करा आणि ती पूर्ण लिहून काढा, त्याशिवाय तिसऱ्याकडे जाऊ नका. एप्रिल ते मे अर्धा रेकॉर्डिंग. पंखा बंद ठेवावा लागतो, त्याचा आवाज प्रत्येक शब्दाखाली घरघरतो, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी ओट्यावर बसा. जूनमध्ये पेरण्या, कोणी भेटणार नाही, तेव्हा लिखाण. जुलै-ऑगस्ट तपासणी आणि उरलेली माणसं.

पांझरा_काठ
बारा तास फार कमी दिसतात हो. आणि पायलटला अख्खा महिना कशाला? मुलं अहिराणीच बोलतात घरी.

गिरणाकाठची
घरी बोलतात म्हणूनच. आमच्याकडे एक आजी म्हणाल्या, "मना डोया दुखी ऱ्हायना". मुलाने लिहिलं, "मना डोळा दुखी राहिला". हेडफोन लावून, दोनदा ऐकून! शाळेत ळ लिहायला शिकलेला हात कानाचं ऐकत नाही. असं वीसेक पानं झाल्यावर कळलं, कारण ळ-च्या जागी य कुठे-कुठे येतो ते शोधायला गेलो तर एकही सापडेना. सगळं परत ऐकलं.

म्हणून ऐकून लिहायच्या ELAN सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी ठेवा. वरच्या ओळीत ऐकू आलं तसं, खालच्या ओळीत नेहमीची मराठी. डोया वर, डोळा खाली. हाताला दुरुस्ती करायची खाज खालच्या ओळीत भागते आणि शोधताना "डोळा" टाकलं तरी डोया सापडतो. आणि "आहे"साठी कोणी से म्हणतं, कोणी शे. ऐकू येईल ते लिहायचं, लिहिणाऱ्याच्या गावचं नाही. पायलट याच्यासाठी असतो.

सुरतवाला_भाऊ
मी म्हणतो व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट मागवा. आमच्या सुरतेच्या ग्रुपवर निम्मे लोक धुळ्या-नंदुरबारचेच आहेत, एका रात्रीत शंभर येतील. फुकट.

गिरणाकाठची
शब्द टिपायला चालेल. पण तिथे आवाज दाबून पाठवला जातो, पुढे कोणाला उच्चार मोजायचे असतील तर उपयोग नाही. शिवाय कोण बोललं, वय काय, कुठे वाढलं, काही कळत नाही. आणि सुरतेत वीस वर्षं राहिलेल्या माणसाची अहिराणी वेगळा विषय आहे, चांगला आहे, पण वेगळा. साधा रेकॉर्डर, WAV फाइल, कॉलरला माइक, बस.

सुरतवाला_भाऊ
म्हणजे आमची अहिराणी अहिराणी नाही?

पांझरा_काठ
भाऊ, राग नको. सॅम्पलिंगला मी तीन गावं धरलीत, एक धुळ्याजवळ, एक साक्रीकडे, एक सटाण्याकडे. प्रत्येक गावात बायका-पुरुष, तिशीच्या आतले आणि साठीच्या पुढचे, प्रत्येकी दोन. चोवीस माणसं, अर्धा-अर्धा तास, बरोबर बारा तास. आता तरी बरोबर?

मायघर
बायकांचं काय करणार? मी साक्रीत बावीस वर्षं आहे, माहेर मालेगावकडचं. माझी सासू अजून हसते माझ्या बोलण्याला. मला तुम्ही "साक्रीची बाई" म्हणून धरलंत तर तुमच्या तक्त्यात मालेगाव शिरलं. आणि आखाजीला आलात तर सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, तेव्हा वेगळीच गंमत.

गिरणाकाठची
हे सोन्यासारखं सांगितलंत. फॉर्मवर "गाव" असा एक रकाना ठेवू नका. जन्म कुठे, दहा वर्षांपर्यंत कुठे, लग्नानंतर कुठे. आणि आखाजी टाळू नका, उलट त्याच आठवड्यात त्याच गावात जन्मलेल्या लेकी सापडतात. गावाचा नमुना त्यांच्याकडून घ्या, सुनांचा वेगळा ठेवा.

वरणबट्टी
आखाजीची गाणी पण घ्या, झोक्यावरची!

केळीचा_घड
गाण्यातली भाषा जुनी अडकलेली असते. घ्या, पण बारा तासांत मोजू नका.

पांझरा_काठ
घेतो. संमतीचा फॉर्म मराठीत दोन पानी तयार आहे, शेवटी सही किंवा अंगठा. तेवढं तरी सोपं आहे.

मायघर
अंगठा?? आमच्या आजेसासऱ्यांनी एका कागदावर अंगठा दिला आणि दोन एकर गेले. कोणी देणार नाही.

गिरणाकाठची
संमती तोंडी, अहिराणीत, आणि रेकॉर्डर चालू करून घ्या. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: अभ्यासाला वापरू का, चार लोकांसमोर वाजवू का, इंटरनेटवर टाकू का. पहिल्याला हो म्हणणारे तिसऱ्याला नाही म्हणतात, आणि ते चालतं. ओट्यावर मध्येच येऊन बोलणाऱ्यालाही विचारावं लागतं. गप्पांत दुसऱ्याची नावं येतात, ती आवाजात दाबायची. शिवाय "नको वाटलं तर काढून टाकू" हे कोणत्या तारखेपर्यंत ते सांगा, एकदा नेटवर गेलं की परत आणता येत नाही.

पांझरा_काठ
थांबा, खरं सांगतो. दोन रेकॉर्डिंगं मी दिवाळीतच करून ठेवलीत, काही न विचारता, नात्यातल्याच बाया. एका मावशींनी वीस मिनिटं सुनेचा उद्धार केलाय आणि बोली तर अशी की सोनं. आता जाऊन परवानगी मागितली तर चालेल ना?

गिरणाकाठची
मावशींना आधी ऐकवा, मग विचारा. सुनेचं काय करायचं ते मात्र मलाही सुचत नाहीये.

मायघर
सुनेला विचारा की.

पांझरा_काठ
सून माझी सख्खी बहीण आहे.