मुद्रितशोधकाला द्यायचे सूचनापत्र

«बाहेरच्या मुद्रितशोधकाला काम देताना ‘शुद्धलेखन तपासा’ एवढे लिहिणे पुरेसे आहे का?»

पुरेसे नाही, कारण त्यातून काय तपासायचे हे कळते, पण कशाला हात लावायचा नाही हे कळत नाही. आमच्या एका पुस्तकात 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीची काही पत्रे उद्धृत केली होती. शोधकाने त्यांतील ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार अत्यंत मनापासून काढून टाकले आणि मूळ पत्रे समोर ठेवून प्रत्येक अनुस्वार आम्हाला पुन्हा भरावा लागला. चूक त्यांची नव्हती, सूचनापत्राची होती.

तेव्हापासून मी स्पष्ट लिहितो: ‘लेखन, विरामचिन्हे आणि सुटलेले शब्द तपासावेत, वाक्यरचना बदलू नये. उद्धृते, बोलीतील संवाद आणि विशेषनामे जशीच्या तशी ठेवावीत, शंका वाटल्यास समासात प्रश्नचिन्ह करावे.’ शैलीपत्रकात मात्र नियमांचे पुस्तक उतरवू नये, जिथे दोन्ही रूपे चालतात तेथील आपली निवड तेवढी द्यावी. उदाहरणार्थ, आकडे देवनागरी की आंतरराष्ट्रीय, ‘करणे’ की संवादात ‘करणं’.

मुदतीचे म्हणाल तर आधी दहा पानांचा नमुना दोन दिवसांत परत मागवावा, कारण गैरसमज तिथेच उघड होतो. त्यानंतर रोज पंचवीस पाने धरली, तर दोनशे पानांना कामाचे आठ दिवस लागतात, आणि शंकांची उत्तरे आपण किती वेळात देणार हेही त्याच पत्रात लिहावे.