मदत हवी आहे: नीटला दोघींनाही ४३२ गुण, मग रँकमध्ये सातशेचा फरक कसा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीने २०२५ ची नीट दिली. तिला ७२० पैकी ४३२ गुण आहेत. तिच्या जिवलग मैत्रिणीलाही बरोबर ४३२. एकूण पर्सेंटाइल दोघींचं शेवटच्या दशांशापर्यंत एकच आहे, पण ऑल इंडिया रँकमध्ये मैत्रीण सातशेहून जास्त क्रमांकांनी पुढे आहे.

मला खटकतंय ते वेगळंच. ओएमआरची प्रत आणि अंतिम आन्सर की शेजारी ठेवून आम्ही दोघींचे प्रश्न मोजले. हिचे ११५ बरोबर, २८ चूक. मैत्रिणीचे १२० बरोबर, ४८ चूक. म्हणजे हिच्या चुका वीसने कमी. गुण सारखे असतील तर कमी चुका असलेला पुढे, असं क्लासमध्ये सांगितलं होतं. मग ही मागे कशी? आई रोज रात्री स्कोअरकार्ड उघडून बसते, तिला काहीतरी नीट समजावून सांगायचं आहे.

विश्वास_काका
वय बघा दोघींचं. समान गुण असतील तर वयाने मोठा उमेदवार आधी. २०२० मध्ये शोएब आफताब आणि आकांक्षा सिंग, दोघांनाही ७२० पैकी ७२० होते. शोएब वयाने मोठा म्हणून पहिला आला. पेपरात आलं होतं.

गोदाकाठ
काका, आमची ही मैत्रिणीपेक्षा पाच महिन्यांनी मोठी आहे. वयावर गेलं असतं तर हीच पुढे असती.

सुनंदा_पाटील
प्रवर्ग वेगळा असेल. मैत्रिणीला आरक्षण असेल तर तिचा नंबर वर जाणारच ना?

लातूरचे_मास्तर
सुनंदाताई, ऑल इंडिया रँक सगळ्यांची एकच असते, तिथे प्रवर्ग बघत नाहीत. प्रवर्गाची रँक स्कोअरकार्डवर वेगळी छापलेली असते.

काका, २०२० चं तुमचं बरोबर आहे. पण तो नियम आता नाही. मधे तो एकदा काढला, पुन्हा आणला, पुन्हा काढला, त्यामुळे अजून पुष्कळांच्या डोक्यात वयच बसलंय.

गोदाकाठ, क्लासवाल्यांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो पहिला नाही. समान गुणांत सगळ्यात आधी बायोचे गुण बघतात. तिथेच फरक निघाला तर पुढचं काहीच बघत नाहीत, चुकाही नाहीत. स्कोअरकार्डवर विषयाचं पर्सेंटाइल असतं, विषयाचे गुण नसतात, म्हणून हे नजरेतून सुटतं. तुम्ही एकूण मोजलंत. आता विषयवार मोजून टाका.

गोदाकाठ
मास्तर, आत्ताच मोजलं.
बहीण: बायो ६५ बरोबर, १२ चूक. केमिस्ट्री २७ बरोबर, ८ चूक. फिजिक्स २३ बरोबर, ८ चूक.
मैत्रीण: बायो ६९ बरोबर, २० चूक. केमिस्ट्री २७ बरोबर, १२ चूक. फिजिक्स २४ बरोबर, १६ चूक.

लातूरचे_मास्तर
झालं की मग. बरोबरला चार, चुकीला वजा एक. बहिणीचं बायो २६० वजा १२, म्हणजे २४८. मैत्रिणीचं २७६ वजा २०, म्हणजे २५६. बायोत आठ गुण जास्त, निकाल तिथेच लागला. केमिस्ट्रीत बहीण १०० आणि मैत्रीण ९६, फिजिक्समध्ये ८४ आणि ८०. या दोन्हीत बहीण पुढे आहे, पण तिथवर गाडी पोचलीच नाही. आईंना एवढंच सांगा: कुठे काही चुकलेलं नाही, बायोने रांग लावली.

आणि सातशेचं म्हणाल, तर त्या वर्षी पेपर अवघड गेला होता. परीक्षेला बसलेले बावीस लाख. या पट्ट्यात एकेका गुणावर पुष्कळ मुलं अडकलेली असतात. ४३२ वाली सगळी मुलं बायोप्रमाणे उभी केली की २४८ आणि २५६ यांच्यामध्ये बरीच मुलं मावतात.

मेघा_ठाणे
पण आधी गणित बघतात ना? माझ्या लेकीला सीईटीत गणिताचं पर्सेंटाइल जास्त होतं म्हणून ती तिच्या मित्राच्या वर लागली होती.

लातूरचे_मास्तर
मेघाताई, तुमचं इंजिनिअरिंगचं झालं. तिथे गणित आधी, हे खरंच. प्रत्येक परीक्षेचा क्रम वेगळा असतो. नीटमध्ये गणितच नाही.

अनुजा_०७
सर, मी यंदा रिपीट करतेय. बायोही सारखं आलं तर?

लातूरचे_मास्तर
मग केमिस्ट्री. तीही सारखी आली तर माहितीपत्रकात पुढे फिजिक्स लिहिलंय, पण जरा विचार कर. एकूण ४३२, बायो २४८, केमिस्ट्री १००. दोघांचं हे सारखं असेल तर फिजिक्स ८४ सोडून दुसरं काही येऊच शकत नाही. ती पायरी कागदावर आहे, तिने कुणाचा निकाल लागत नाही.

त्यानंतर चुकांची पाळी. सगळ्या विषयांत मिळून चूक आणि बरोबर यांचं गुणोत्तर काढतात, ज्याचं कमी तो पुढे. समज, गोदाकाठच्या बहिणीसारखेच तिन्ही विषयांचे गुण असलेला एक मुलगा आहे, पण त्याने बायोचे २४८ गुण ६७ बरोबर आणि २० चूक असे मिळवले. त्याची एकूण बेरीज ११७ बरोबर, ३६ चूक. भागाकार केलास तर त्याचं ०.३०८ येतं, बहिणीचं ०.२४३. बहीण पुढे. खरं तर भागाकाराचीही गरज नाही. एकूण गुण सारखे असले की एक बरोबर वाढला की चार चुका वाढलेल्याच असतात, त्यामुळे नुसत्या चुका मोजल्या तरी तोच क्रम येतो.

इथेही बरोबरी झाली तर हेच गुणोत्तर आधी बायोचं, मग केमिस्ट्रीचं, मग फिजिक्सचं. २०२५ च्या माहितीपत्रकात त्याच्याही शेवटी तज्ज्ञ समितीच्या देखरेखीखाली यादृच्छिक निवड, म्हणजे जवळपास चिठ्ठीच.

अनुजा_०७
मग अंदाजाने गोल काळे करणं बंद करू का?

लातूरचे_मास्तर
यासाठी नको करूस. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता येत असेल तर उरलेल्या तिनांतून ठोकलेला प्रश्न सरासरी फायद्याचाच पडतो: तीन वेळा ठोकलंस तर एकदा चार, दोनदा वजा एक. एका गुणाने शेकडो मुलं मागे पडतात. चुकांचा नियम लागतो तो फक्त बायो आणि केमिस्ट्री दोन्ही जुळलेल्या मूठभरांना. बायोचे सुटलेले प्रश्न मात्र आधी बघ. गोदाकाठच्या बहिणीने बायोतले तेरा सोडलेत, मैत्रिणीने एकच.

विश्वास_काका
मास्तर, एक शंका. एखादा प्रश्न रद्द होऊन सगळ्यांना चार गुण मिळाले, तर गुणोत्तरात तो बरोबर धरतात का? ज्याने तो सोडला होता त्याचं काय?

लातूरचे_मास्तर
काका, सगळ्यांना चार गुण, इतकंच मी वाचलंय. गुणोत्तरात कसा धरतात ते मला कुठे सापडलं नाही. कुणाकडे लेखी काही असेल तर इथे टाका.

गोदाकाठ
मनापासून आभार मास्तर. आईला कागदावर दोन रकाने काढून दाखवले. ती तेरा कोरे गोल बोटाने मोजत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे चेक झालंय बरोबर." शेवटचा प्रश्न: राज्याच्या यादीतही हे सातशेचं अंतर राहील का?

लातूरचे_मास्तर
राज्याची यादी ऑल इंडिया रँकच्याच क्रमाने लागते, म्हणून मैत्रीण पुढेच राहील. पण ते सातशे देशभरातले आहेत. त्यातले महाराष्ट्रातले किती, त्यात तुमच्या प्रवर्गातले किती, असं गाळत गेलात की अंतर खूप आटतं. यादी लागली की दोघींचे क्रमांक इथे टाका. कॉलेजांचे पर्याय भरायच्या आधी बघू.