जादा पैसे भरूनही पार्सल जत्रेनंतर आलं. एक्स्प्रेस डिलिव्हरी घ्यावी का?

रंगपट, डिचोली
आमच्या वाड्यावर जत्रेचं नाटक असतं. त्यासाठी कॉलर माईकचा सेट ऑनलाइन मागवला. साधी डिलिव्हरी फुकट होती, पण नाटक शुक्रवारी रात्री, म्हणून 199 रुपये जादा भरून 'शुक्रवारपर्यंत' लिहिलेली एक्स्प्रेस घेतली. पार्सल शनिवारी दुपारी आलं. आयत्या वेळी साउंडवाल्याकडून माईक भाड्याने घेतले, त्यात 2,500 गेले. विक्रेता म्हणतो 199 परत देतो, विषय संपला. एक्स्प्रेसला पैसे देण्यात अर्थ आहे का? आणि भाड्याचे पैसे मागता येतील का?

पणजीचा ग्राहक
199 वर अजिबात गप्प बसू नका. वेळेत देतो म्हणून पैसे घेतले आणि दिलं नाही, ही सेवेतली त्रुटीच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जा. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फीसुद्धा नाही. भाडं, मनस्ताप, सगळं मिळेल.

मडगाव मोबाईल
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटऱ्या रोज बाहेरून येतात आणि मी बहुतेक वेळा एक्स्प्रेसच घेतो. गिऱ्हाईक फोन ठेवून गेलेलं असतं, दोन दिवस जास्त थांबलं तर दुसऱ्या दुकानात जातं. दहा पार्सलांतलं एखादं चुकलं तरी माझा हिशेब बसतो. पण तुमचा एकच दिवस होता आणि तो चुकला की सगळं वाया. अशा कामाला एक्स्प्रेसवर भिस्त ठेवू नये, असं माझं मत. माल शहरातच असेल तर त्याच दिवशीची डिलिव्हरी चांगली चालते. तो कुठून निघणार ते आधी बघा.

काणकोणची आई
मुलगा पुण्यात शिकतो, त्याला चकल्या आणि लाडू मी स्पीड पोस्टानेच पाठवते. एकदा उशीर झाला तेव्हा पोस्टात तक्रार केली. तिथल्या बाईंनी सांगितलं की उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. कुरिअरवाले तरी एवढं देतात का?

हबवाला
ताई, तुमचं पाठवण्याचं झालं, यांनी मागवलंय. पण खाजगी कुरिअरचंही तसंच आहे. उशीर झाला तर फार तर शुल्क परत, पुढच्या नुकसानीची जबाबदारी नाही, हे पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत असतंच.

मी बरीच वर्षं एका कुरिअरच्या सॉर्टिंगमध्ये होतो. जादा पैशाने फक्त मधला प्रवास लवकर होतो. गोदामातून माल उचलायची वेळ आणि शेवटी दारात येणारा मुलगा, ही दोन्ही टोकं बहुतेक ठिकाणी साध्या पार्सलाचीच असतात. सकाळी गाडी आली की माल पिनकोडप्रमाणे वेगळा होतो आणि मुलं बाहेर पडतात. त्या फेरीनंतर पोहोचलेलं पार्सल एक्स्प्रेस असो की साधं, बहुधा दुसऱ्या दिवशीच्या फेरीत जातं. डिचोली, वाळपईकडे दिवसाला एकच फेरी असली तर हमखास.

रंगपट, ट्रॅकिंगच्या नोंदी इथे लिहा. कुठे अडकलं ते कळेल.

रंगपट, डिचोली
ऑर्डर मंगळवारी दुपारी 4 ला. बुधवारी संध्याकाळी 'उचलले'. गुरुवारी पहाटे भिवंडी सोडलं, गुरुवारी रात्री कोल्हापूर. शुक्रवारी सकाळी 11:20 ला गोव्याच्या हबमध्ये आलं. त्यानंतर शनिवारी सकाळपर्यंत काहीच नाही. पानावर 'एअर एक्स्प्रेस' असं लिहिलं होतं.

हबवाला
दोन गोष्टी दिसतात. त्या दिवशीची पाठवणीची वेळ उलटल्यावर ऑर्डर आली, त्यामुळे मंगळवार गेला. ही वेळ बऱ्याच ठिकाणी दुपारची असते.

दुसरी गोष्ट मोठी. कोल्हापूरची नोंद आहे म्हणजे पार्सल विमानात चढलंच नाही. मुंबईहून विमानाने आलं असतं तर मोपा किंवा दाबोळीला उतरलं असतं, घाटावरून आलं नसतं. कॉलर माईकच्या सेटमध्ये लिथियम बॅटरी असते ना? ती विमानाने न्यायची तर विशिष्ट पॅकिंग, लेबल आणि घोषणा लागते. विक्रेत्याने ते केलं नाही की पार्सल रस्त्याच्या गाडीत जातं, शुल्क मात्र एअरचं घेतलेलं असतं. तुमच्याही पार्सलात हेच झालं असावं, पण पक्कं सांगायचं तर खोक्यावरचं लेबल बघावं लागेल.

आणि शुक्रवारी 11:20, तोवर मुलं निघून गेलेली.

पणजीचा ग्राहक
हा तर तक्रारीला भक्कम मुद्दा झाला! एअरचे पैसे घेऊन रस्त्याने पाठवलं.

वकील, म्हापसा
मुद्दा चांगला आहे, पण 'सगळं मिळेल' असं सांगू नका. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कुरिअर पावतीवरची भरपाईची मर्यादा मान्य केली होती. पाठवलेली कागदपत्रं पोहोचली नव्हती, नुकसान त्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, तरी 100 डॉलरच मिळाले. तिथे अटी सही करून स्वीकारलेल्या होत्या. अ‍ॅपवरच्या टिक-खुणेला तेवढंच वजन द्यायचं का, यावर भांडता येईल. पण 2,500 साठी किती तारखा करणार, हेही बघा.

मी वेगळा रस्ता सांगते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त कोणाच्याही हाताबाहेरच्या कारणाचा. म्हणजे तुमचा हक्क 199 पुरता नाही, पूर्ण सेटच्या किमतीचा आहे. 'शुक्रवारपर्यंत' लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट किंवा ऑर्डरचा मेल जपून ठेवा आणि माल न वापरता लेखी कळवा. ऐकलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. भाड्याच्या 2,500 ची मागणी त्याच पत्रात टाका, मिळाले तर मिळाले.

मडगाव मोबाईल
ते म्हणतील घाट बंद होता.

हबवाला
मग कुठला घाट, कधी बंद, ते लेखी मागा. पावसात दरड कोसळली तर गोष्ट खरी. जत्रेच्या दिवसांत गुरुवारी रात्री कोल्हापूर आणि शुक्रवारी 11:20 ला गोवा, यात घाट अडल्याची खूण नाही.

बसस्टँड
मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. पुण्याचा किंवा मुंबईचा ओळखीचा दुकानदार गाठा, त्याच्याकडून माल रात्रीच्या खाजगी बसवाल्याच्या हातात द्या, सकाळी म्हापशाच्या स्टँडवर जाऊन घ्या. आमच्या मंडळाचे मुकुट असेच येतात.

हबवाला
येतात, खरं आहे, आणि एक्स्प्रेसपेक्षा पुष्कळदा लवकर. पण पावती नसते. खोकं दुसऱ्याच थांब्यावर उतरलं तर कोणाला विचारणार? हरवलं तर तिथे 199 सुद्धा नाहीत. मुकुट पाठवा, हजारोंचा माईक नको.

बसस्टँड
ड्रायव्हरचा नंबर असतो की.

रंगपट, डिचोली
खोकं पाहिलं. बॅटरीचं लेबल नाहीच, आणि बाजूला 'सरफेस' असा शिक्का आहे. सेट फोडलेला नाही. मंडळातले काही म्हणतात पुढच्या वर्षी लागेलच, ठेवून घ्या. मला परत करायचाय. मेल आत्ताच पाठवतो, शिक्क्याचा फोटो जोडून.

वकील, म्हापसा
शिक्क्याच्या फोटोत ट्रॅकिंग नंबरही दिसू द्या. आणि 199 चा परतावा 'अंतिम तडजोड' म्हणून स्वीकारायचं बटण आलं तर ते दाबू नका.