उत्तर: पंचवीस पट, पण कोणाच्या वयापर्यंत?

"वार्षिक खर्चाच्या २५ पट जमले की दोघांचे निभते."

निवृत्तीनंतर तेवढ्यात निभेलही, पण वर्षे कोणाच्या वयावरून मोजली ते आधी पाहा. आपल्याकडे बहुतेक जण नवऱ्याच्या निवृत्तीपासून त्याच्या ८५ पर्यंतचा हिशोब करतात. बायको पाच वर्षांनी लहान असेल तर तिचे पुढचे आयुष्य त्यात धरलेच जात नाही.

समजा तो ६० चा, ती ५५ ची, खर्च महिना ५० हजार. महागाई ६ टक्के आणि कर जाऊन परतावा ७ टक्के धरला, तर पैसा खऱ्या अर्थाने वर्षाला जेमतेम एक टक्का वाढतो. त्याच्या ८५ पर्यंत, म्हणजे २५ वर्षांना, साधारण १.३४ कोटी लागतात. तिच्या ९० पर्यंत, म्हणजे ३५ वर्षांना, १.८० कोटी. तो गेल्यावर खर्च निम्मा होईल असे धरू नका. सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या बाई, लाइटबिल तेवढेच राहते. औषधे आणि जेवणखाण तेवढे कमी होते. मी ७० टक्के धरतो. तरी आकडा १.६६ कोटींच्या खाली येत नाही. २५ पट म्हणजे दीड कोटी, ते ती ८५ ची होण्याच्या सुमारास संपतात.

पेन्शनवर भिस्त असेल तर तीही तपासा. ईपीएस, म्हणजे पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेत, विधवा पेन्शन साधारणपणे मूळ पेन्शनच्या निम्मे असते आणि महागाईप्रमाणे आपोआप वाढत नाही. मोठ्या आजारपणाचा पैसा या हिशोबात नाही, तो वेगळा काढावा लागेल.