मदत हवी आहे: अर्धांगवायूनंतर चांगला हात बंद ठेवून सराव घरी कसा बसवायचा?

आईला (वय ६२) पाच महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. आता मनगट साधारण २० अंश वर येतं, बोटंही थोडी उघडतात. सांगितलं तर वाटीतले राजमे एकेक उचलून ताटात टाकते. पण चहाचा कप समोर आला की डावा हातच पुढे जातो.

फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, सुरुवातीला हात हलत नव्हता तेव्हा मेंदूने तो सोडून दिला, आणि आता हलतो तरी तीच सवय राहिली आहे. वापर नसेल तर त्या हाताची मेंदूतली जागाही आक्रसते.

त्यांनी एडवर्ड टॉब यांची पद्धत सुचवली: चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून कामं करून घ्यायची. मूळ पद्धतीत दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा आणि रोज सहा तासांपर्यंत सराव. आई दीड तासात थकते, मग खांदा वर उचलून हात पुढे ढकलते. तो सराव चुकीचाच, म्हणून थांबवतो.

आरशासमोरचा व्यायाम सहा आठवडे केला. बोटं मोकळी झाली, रोजच्या वापरात फरक नाही. काठी डाव्या हातात असल्याने चालताना आणि गॅसजवळ मोजा काढतो. न्यूरोलॉजिस्टची परवानगी आहे, फिजिओ आठवड्यातून दोनदाच येतात.

ज्यांनी हे घरी केलंय किंवा रुग्णांकडून करून घेतात त्यांनी सांगावं: सगळं झेपत नसेल तर आधी काय कमी करायचं, मोजा घालण्याचे तास की सरावाचे?